क्लायंटचं फोल्डर डिलीट झाल्यावर: माफीचा ईमेल पाठवण्याआधीची तयारी

उदाहरण एका छोट्या डिझाइन स्टुडिओचं घेऊ. मसाल्यांच्या पाकिटांचं काम चालू आहे आणि गूगल ड्राइव्हवरचं फोल्डर क्लायंटसोबत शेअर केलेलं आहे. स्टुडिओतल्या कुणीतरी लॅपटॉपवर जागा करायला ते फोल्डर उडवलं. लॅपटॉप ड्राइव्हशी सिंक असल्यामुळे ते ऑनलाइनही गेलं.

सविस्तर ईमेलला वेळ लागणार, म्हणून आधी क्लायंटला दोन ओळी कळवा: फोल्डर आमच्याकडून डिलीट झालंय, परत आणायचं काम सुरू आहे, सविस्तर ईमेल संध्याकाळी पाचपर्यंत पाठवतो. त्यांना स्वतःहून फोल्डर सापडेनासं झालं, तर पुढच्या ईमेलमधल्या प्रत्येक वाक्याकडे ते संशयाने बघतील. त्यानंतर त्या लॅपटॉपवरचं सिंक थांबवा आणि ट्रॅश रिकामा करू नका, असं सगळ्यांना बजावा. फोल्डर ज्या खात्याच्या मालकीचं आहे, त्याच्या ट्रॅशमध्ये ते ३० दिवस राहतं. ट्रॅशमधूनही गेलं असेल आणि खातं कंपनीच्या वर्कस्पेसचं असेल, तर त्यानंतरच्या २५ दिवसांत अ‍ॅडमिनला ते परत आणता येतं. या मुदती लक्षात घेऊनच ईमेलमध्ये शब्द द्या.

आता रिस्टोअर करा. घाईत बरेच जण इथेच चुकतात: कुणाच्या तरी लॅपटॉपवरची प्रत नव्याने अपलोड करून मोकळे होतात. ट्रॅशमधून रिस्टोअर केलेली फाइल तीच असते, त्यामुळे तिची जुनी लिंक, कमेंट आणि आधीच्या आवृत्त्या टिकतात. नव्याने चढवलेली फाइल ड्राइव्हच्या दृष्टीने वेगळीच असते. क्लायंटने ती जुनी लिंक छापखान्याला पाठवलेली असेल, तर त्या लिंकवरून ही नवी फाइल उघडणारच नाही. यातलं काय केलंत, ते ईमेलमध्ये स्पष्ट लिहा.

सगळ्यात जास्त लक्ष द्या ते क्लायंटने स्वतः टाकलेल्या फाइल्सकडे. समजा, मिरचीचे आणि हळदीचे फोटो त्यांनी त्यांच्या खात्यातून चढवले होते. ते त्यांच्या मालकीचे, म्हणून स्टुडिओच्या ट्रॅशमध्ये सापडणार नाहीत. आणि फोल्डर परत आलं तरी फोटो त्यात दिसतीलच असं नाही. ते नष्ट झालेले नसतात. क्लायंटच्याच ड्राइव्हमध्ये असतात, पण नेहमीच्या जागी सापडत नाहीत. त्यांनी ड्राइव्हच्या शोधपट्टीत हे टाकून बघायचं:

```
is:unorganized owner:me
```

त्यांच्याकडून हे एवढंच काम करून घ्यायचं आहे, तेव्हा ते ईमेलमध्ये स्वतंत्र परिच्छेदात लिहा. माफीच्या ओळींमध्ये दडलं तर वाचायचं राहून जाईल.

लिहायला बसण्याआधी फाइल्स उघडून बघा. नावं दिसतात म्हणून सगळं आलं असं धरू नका. छपाईला जाणारी अंतिम पीडीएफ, मूळ डिझाइन आणि दराचं कोष्टक स्वतः उघडा. क्लायंटला प्रवेश शिल्लक आहे ना, तेही शेअरिंगच्या यादीत तपासा. फोल्डर किती वाजता गेलं, ही वेळ ड्राइव्हच्या अ‍ॅक्टिव्हिटीमधून घ्या, आठवणीतून नको.

मग मजकूर साधारण असा:

“नमस्कार मॅडम, आज सकाळी ११.२० वाजता आमच्या सहकाऱ्याकडून आपलं शेअर केलेलं फोल्डर डिलीट झालं. चूक आमची आहे, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. दुपारी दीडपर्यंत आम्ही ते ट्रॅशमधून परत आणलं. सर्व डिझाइन्स आणि दरांचं कोष्टक उघडून तपासलं. जुन्या लिंक चालू आहेत. आपण टाकलेले फोटो मात्र फोल्डरमध्ये परत दिसत नाहीत. ते आपल्याच ड्राइव्हमध्ये असायला हवेत. शोधायची पद्धत खाली दिली आहे. सापडले नाहीत तर फोन करा, आपण सोबत बघू.”

‘तांत्रिक अडचणीमुळे’ हे शब्द नकोत. अडचण ड्राइव्हची नव्हती. सहकाऱ्याचं नावही नको, जबाबदारी स्टुडिओची आहे. ‘झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व’ हे सरकारी फलकावरचं वाक्य वाटतं, तेही टाळा.

पुढे असं होऊ नये म्हणून काय केलं, ते शेवटी लिहा, पण झालेलंच लिहा. वर्कस्पेसच्या शेअर्ड ड्राइव्हमध्ये काँट्रिब्यूटर ही भूमिका दिली, की फाइल बदलता येते, डिलीट करता येत नाही. ही व्यवस्था आज लावली असेल तर ‘लावली’ म्हणा. लावायची राहिली असेल तर तारीख द्या. आणि ईमेल गेल्यावर क्लायंटला फोन करून फोटो मिळाले का, ते विचारा. मिळाले नसतील तर त्यांच्या मूळ कॅमेरा-कार्डावरून किंवा छायाचित्रकाराकडून ते पुन्हा मागवायचं काम आपल्याकडे घ्या.