‘रजिस्टर्ड कंपनी’ म्हणजे ठेवी घ्यायचा परवाना नव्हे

इंदूरला आमच्या रामबागेतल्या काकूंकडे हळदीकुंकवाला आलेल्या एका ओळखीच्या बाईंनी पर्समधून लॅमिनेट केलेला कागद काढला. “एक लाख ठेवा, महिन्याला पाच हजार. कंपनी रजिस्टर्ड आहे हो!”

कागद खरा होता. पण ते कंपनी स्थापन झाल्याचं प्रमाणपत्र. तसं ते पापडाच्या कंपनीलाही मिळतं, आणि जीएसटी नंबरचंही तेच. लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी ही वेगळी गोष्ट. ती आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या sachet.rbi.org.in या साइटवर नाव टाकून बघता येतं. तक्रारही तिथेच करता येते.

मग व्याज बघा. महिना पाच हजार म्हणजे वर्षाला 60 टक्के. ठेवी घ्यायची परवानगी असलेल्या बिगर-बँक वित्त कंपनीलाही वर्षाला साडेबारा टक्क्यांहून जास्त देता येत नाही.

“पण मला सहा महिने वेळेवर मिळतायत,” असं त्या बाई म्हणाल्या, आणि खोटं बोलत नव्हत्या. सहा महिन्यांत 30 हजार आले, म्हणजे त्यांच्याच लाखातले 70 हजार अजून तिकडे अडकलेले. मुद्दल सुटायलाच 20 महिने लागणार. तोवर हप्ते नव्या ठेवीदारांच्या पैशातून फिरवता येतात.

काकूंनी एकच विचारलं, “मला आणलंत तर तुम्हाला किती मिळतील?” बाईंनी चहाचा कप उचलला.