शोध शून्य दिसतात, फोन तिथूनच येतात

बिल्डरने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून दिली नाही, तर सोसायटी सरकारी आदेशाने ती करून घेऊ शकते. याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात. मी सोसायट्यांना त्याची कागदपत्रं तयार करून देते. आता बरीचशी कामं ब्लॉगवरून येतात. पण तुम्हालाही ब्लॉगवरून काम मिळवायचं असेल, तर सुरुवातीचे कित्येक महिने फोन वाजणार नाही, हे धरूनच चाला. 'महिन्याभरात गूगलच्या पहिल्या पानावर' म्हणणाऱ्या कोर्सवाल्यांना एक रुपयाही देऊ नका.

मी अडकले ती गोष्ट नीट समजून घ्या. गूगलवर कोणते शब्द किती वेळा शोधले जातात ते दाखवणाऱ्या कीवर्ड टूलमध्ये `conveyance deed meaning` ला भरपूर शोध दिसतात. पण शोधतं कोण? कायद्याचे विद्यार्थी, नवा फ्लॅट घेणारे. त्यांना फक्त अर्थ हवा असतो आणि तो बहुतेक वेळा गूगल स्वतःच वर दाखवतं. आपलं गिऱ्हाईक म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. वार्षिक सभेत सभासदांनी धारेवर धरलं, की ते रात्री मोबाइलवर टाइप करतात: `builder conveyance det nahi`. टूल यासमोर शून्य दाखवतं. घाबरू नका. टूलला मोजता येण्याइतके शोध नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. त्यातला एक माणूस मिळाला तरी काम मिळतं.

हे प्रश्न टूलमध्ये शोधू नका. फोनवर माणूस पहिलं वाक्य काय बोलतो, ते जसंच्या तसं वहीत उतरवा. मग ते गूगलमध्ये टाकून पाहा. वरची सगळी पानं नुसती व्याख्या सांगत असतील, तर जागा मोकळी आहे.

समजा प्रश्न आहे, 'बिल्डर सापडत नाही, डीम्ड कन्व्हेयन्स होईल का?' तोच मथळा द्या आणि पहिल्याच परिच्छेदात उत्तर द्या: होऊ शकतं, मोफा या महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याच्या कलम 11 खाली सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते. पुढे कागद सांगा: सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, फ्लॅटधारकांचे करार, इंडेक्स टू, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा. बिल्डरच्या शेवटच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस परत आली, तर तो लिफाफा न फोडता जपून ठेवा, हेही लिहा. असं बारीक कुणी सांगत नाही.

सगळं फुकट सांगितलं तर फोन कोण करेल, ही भीती मलाही होती. पण एका भूखंडावर तीन इमारती असल्या, की प्रत्येकीच्या वाट्याची जमीन ठरवताना गाडी अडते. माझे बहुतेक फोन तिथूनच येतात. म्हणून ती अडचण लेखात मोकळेपणाने लिहा आणि नंबर तिथेच द्या, पानाच्या तळाशी नको.

लेख टाकल्यावर तीनेक महिने त्याला हात लावू नका. मग गूगलच्या Search Console या मोफत टूलमध्ये तेच पान निवडून, लोक कोणते शब्द टाकून तिथे आले ते बघा. आठव्या ते विसाव्या क्रमांकावर एखादा प्रश्न दिसला आणि लेखात त्याचं उत्तर नसलं, तर त्याच लेखात एक परिच्छेद वाढवा. नवा लेख लिहू नका. एकाच प्रश्नावर आपलीच दोन पानं असली, की कधी हे वर, कधी ते वर, आणि दोन्ही खालीच घुटमळतात.