रीलवरचा मजकूर आणि कॅप्शन: इन्स्टाग्रामच्या सर्चमध्ये सापडावं म्हणून कसं लिहायचं

समजा, ३० सेकंदांची रील आहे: उकडीचे मोदक वाफवताना फुटू नयेत म्हणून काय करायचं. पिठी आणि पाणी वाटीला वाटी, उकड गरम असतानाच मळायची, बस. रील छान झाली, पण खाली कॅप्शन काय? ‘बाप्पासाठी खास 😍’. मोदक फुटले म्हणून वैतागलेली व्यक्ती सर्चमध्ये ‘बाप्पासाठी खास’ कशाला टाइप करेल?

इन्स्टाग्रामचं सर्च शोधलेले शब्द युजरनेम, बायो, कॅप्शन, हॅशटॅग आणि ठिकाण यांच्याशी जुळवून बघतं, हे कंपनीने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं होतं. कीवर्ड आणि हॅशटॅग कमेंटमध्ये न टाकता कॅप्शनमध्येच लिहा, हेही तेव्हाच सांगितलं होतं. म्हणून सुरुवात कॅप्शनपासून. अकाउंट मात्र पब्लिक हवं. प्रायव्हेट असेल तर फॉलोअर नसलेल्यांना रील दिसणारच नाही.

आधी शब्द शोधा. सर्चमध्ये ‘उकडीचे मोदक’ टाइप करा आणि खाली काय सुचवलं जातं ते लिहून घ्या. मग तेच रोमन लिपीत, `ukadiche modak` असं टाइप करा. दोन्ही याद्या सारख्या येतीलच असं नाही, कारण यंत्राच्या लेखी ती वेगवेगळी अक्षरं आहेत. आपल्याकडे बोलायचं मराठीत आणि टाइप करायचं इंग्रजी कीबोर्डवर ही सवय इतकी मुरलेली आहे की रोमन रूप सोडून चालत नाही. तुमच्या सर्चवर तुमच्याच जुन्या शोधांचा परिणाम होतो, तेव्हा शक्यतो दुसऱ्याच्या फोनवरही बघा. शेवटी एकच प्रश्न निवडा. सारण, कळ्या आणि फुटणं असं सगळं एका रीलमध्ये कोंबलं की शब्दही विखुरतात.

कॅप्शनची पहिली ओळ. मर्यादा २,२०० अक्षरांची असली तरी रील बघताना सुरुवातीचेच थोडे शब्द दिसतात. बाकीचे टॅप केल्यावर. म्हणून नेमका शब्द तिथेच, आणि माणूस बोलतो तशा वाक्यात हवा:

```
उकडीचे मोदक वाफवताना फुटतात? उकड कोरडी राहिली असेल.
१ वाटी तांदळाची पिठी, १ वाटी पाणी. उकड गरम असतानाच मळा.
Ukadiche modak futu naye mhanun evdha kara.
#उकडीचेमोदक #ukadichemodak #मोदक
```

रोमन ओळ एकदाच पुरे. एकच शब्द पाच स्पेलिंगांत लिहिलेलं कॅप्शन वाचणाऱ्याला दुकानाच्या पाटीसारखं दिसतं. हॅशटॅग तीन ते पाच, तेही विषयाचेच. नक्षीदार इंग्रजी अक्षरं मात्र टाळा: `𝓶𝓸𝓭𝓪𝓴` हे डोळ्याला ‘मोदक’ वाटतं, पण त्यातली चिन्हं साध्या `modak` मधली नाहीत, त्यामुळे ते जुळेल याचा भरवसा नाही. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर पेस्ट केला तर नुसता कचरा उमटतो. तो युनिकोडमध्येच टाइप करा.

पडद्यावरचा मजकूर. हा मुख्यतः सर्चमधून आलेल्या माणसासाठी असतो. त्याने जे टाइप केलं तेच पहिल्या तीन सेकंदांत दिसलं नाही, तर तो पुढे सरकतो. म्हणून कॅप्शनचाच शब्द वर घ्या: ‘उकडीचे मोदक फुटतात?’ ओळीत चार-पाच शब्द, आणि सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ ते ठेवा. मागे पांढरी पिठी असेल तर पांढरी अक्षरं हरवतात, तेव्हा गडद पट्टी द्या.

जागेची चूक सर्रास होते. १०८० × १९२० च्या फ्रेममध्ये वरचे सुमारे २७० आणि खालचे ६७० पिक्सेल मोकळे सोडा. खाली युजरनेम, कॅप्शन आणि बटणं येतात. प्रोफाइलवर कव्हर ३:४ मध्ये कापलं जातं, म्हणजे वरखाली २४० पिक्सेल जातात. वर आणि खाली एवढी मोकळी जागा सोडलीत, तर तेही आपोआप सांभाळलं जातं.

एडिटिंग अ‍ॅपमध्ये देवनागरी मोडते का, हे एक्सपोर्ट करण्याआधी तपासा. ‘दुसऱ्या’, ‘कळ्या’, ‘वाफवून घ्या’ हे टाइप करून बघा: ऱ्या तुटला किंवा ‘ळ्‌या’ असं सुटं दिसलं, की फॉन्ट बदला. मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे मोफत फॉन्ट मराठीसाठी चांगले आहेत. आपोआप उमटणारी सबटायटल्स वापरत असाल, तर ‘उकड’ आणि ‘पारी’ हे शब्द हाताने दुरुस्त करा.

एक-दोन दिवसांनी दुसऱ्या अकाउंटवरून तोच प्रश्न दोन्ही लिप्यांत शोधा. रील दिसत नसेल तर कॅप्शनची पहिली ओळ बदलून बघा. पोस्ट झाल्यावरही ती बदलता येते. व्हिडिओत पक्की झालेली अक्षरं मात्र बदलता येत नाहीत. त्यात शुद्धलेखनाची चूक राहिली, तर रील पुन्हा टाकावी लागते.