व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर बंद पडण्याआधी

नाशिकच्या रविवार कारंजावर मनुके विकणारी एखादी ताई दिवाळीच्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवरच घेते. एकाच दिवशी शेकडो अनोळखी नंबरांवर दरपत्रक गेलं, काहींनी तक्रार केली, की खात्यावर बंदी येऊ शकते. गूगल ड्राइव्हवर बॅकअप आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो त्याच नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप सुरू झालं तरच परत मिळतो, आणि नेमका तोच नंबर बंद असतो.

म्हणून गिऱ्हाइकांचे नंबर चॅटमध्येच न ठेवता गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये 'मनुके–गंगापूर रोड' अशा नावाने सेव्ह करा. महिन्याकाठी contacts.google.com वरून Export करून ती फाइल लॅपटॉपवर ठेवा. उधारीच्या चॅट Export chat करून स्वतःला मेल करा. कॅटलॉगचे मूळ फोटो दरांसकट वेगळ्या फोल्डरमध्ये असू द्या.

दुसरा नंबर मात्र आजच सांगा. बिलावर छापा, गिऱ्हाइकाला समोरच सेव्ह करायला लावा. ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो. बंदीनंतर घाईने नव्या नंबरावरून सगळ्यांना मेसेज धाडलात, तर तोही जाऊ शकतो. तेव्हा नेहमीच्या गिऱ्हाइकांना सरळ फोन करा.