अचानक रजेनंतरचे आभार: या चुका टाळा

समजा, मंगळवार ते गुरुवार अचानक कामावर जाता आलं नाही. शुक्रवारी सकाळी ग्रुपवर मेसेज पडतो: ‘सांभाळून घेतल्याबद्दल सर्वांचे मनःपूर्वक आभार. कधीही काही लागलं तर हक्काने सांगा.’ एकाने रात्री आठपर्यंत थांबून तुमचा मासिक रिपोर्ट पुरा केला, दुसऱ्याने नुसतं ‘काळजी घे’ लिहिलं. या मेसेजमध्ये दोघांना एकच माप.

चूक घाईची असते. कोणी काय केलं हे शोधायच्या आधीच आभार मानून आपण मोकळे होतो. त्या तीन दिवसांचे मेल चाळा, टीम लीडला विचारा. दहा मिनिटांचं काम आहे. मग ज्यांनी खरोखर भार उचलला त्यांना वेगवेगळं लिहा, आणि त्याच दिवशी लिहा.

खरी गडबड मात्र परतफेडीच्या वाक्यात होते. ‘कधीही सांगा’ म्हटल्यावर सहसा कोणी सांगत नाही, कारण मागायचा संकोच आपण समोरच्यावरच ढकललेला असतो. त्यापेक्षा काम आणि वेळ ठरवून द्या. फक्त आधी दोन गोष्टी बघा: ते काम तुम्हाला जमतं का, आणि त्या दिवशी तुमच्या हातात वेळ आहे का. शिफ्ट बदलून द्यायची असेल तर वरिष्ठांना आधी विचारा, नाहीतर शब्द देऊन तो फिरवायची वेळ येते.

रिपोर्टवाल्या सहकाऱ्याला असं लिहिता येईल:

‘बुधवारी उशिरापर्यंत थांबून तू रिपोर्ट पूर्ण केलास, आकडेही पुन्हा तपासलेस. त्यामुळे मला घरी लक्ष देता आलं. खूप आभार. पुढच्या महिन्याचा तुझा रिपोर्ट मी करते. 25 तारखेला फाइल माझ्याकडे दे. ती तारीख सोयीची नसेल तर दुसरी सांग.’

आजाराचं सविस्तर वर्णन यात नाही, ते मुद्दामच. तेवढं सगळं लिहिलं की चिठ्ठी आभाराची न राहता खुलाशाची होते. चार वेळा ‘सॉरी’ लिहिल्यावर तर समोरच्यालाच तुमची समजूत काढत बसावं लागतं. आणि कृपा करून शेवटी ‘बाय द वे, ती दुसरी फाइल कुठे ठेवलीस?’ असं जोडू नका. तो प्रश्न वेगळ्या मेसेजमध्ये जाऊ दे.

साहेबांना सीसी करावं का? विचारून करा. तुमचं काम करताना त्या माणसाने स्वतःचं एखादं काम मागे ठेवलं असेल, तर ते उघड झालेलं त्याला आवडेलच असं नाही.

ग्रुपवर मेसेज टाकून झाला आणि एखाद्याचं नाव राहिलं असं लक्षात आलं, तर तो गुपचूप एडिट करू नका. आधी त्या व्यक्तीला प्रत्यक्ष भेटून किंवा फोन करून सांगा, ‘तुमचं नाव माझ्याकडून राहिलं’, आणि मग ग्रुपवर दुसरी ओळ टाका. 25 तारीख मात्र कॅलेंडरमध्ये आजच टाकून ठेवा. फाइल आली नाही तर त्याच दिवशी तुम्हीच मागा.