एसआरएस लिहिताना या चुका टाळा: किलो, लिटर आणि हरवलेली व्याख्या

कोल्हापूर भागात दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करणारी मंडळी बरीच आहेत. त्यांची एसआरएसची, म्हणजे सॉफ्टवेअरने काय काय करायला हवं या आवश्यकता लिहिलेली, कागदपत्रं माझ्याकडे तपासायला येतात, आणि चुका ठरलेल्याच असतात. सगळ्यात महाग पडते ती ही: रोजच्या वापरातल्या शब्दांची व्याख्या न लिहिणं.

एका संस्थेच्या एसआरएसमध्ये वाक्य होतं, ‘दुधाचे माप घेऊन दरपत्रकाप्रमाणे बिल काढावे.’ वाचायला स्वच्छ. पण संकलन केंद्रावरचा इलेक्ट्रॉनिक काटा किलो दाखवायचा आणि दरपत्रक लिटरचं होतं. प्रोग्रॅमरने काट्यावरचा आकडा घेतला, दराने गुणला आणि पुढच्या कामाला लागला. एक लिटर दूध साधारण 1.03 किलो भरतं, म्हणजे प्रत्येक उत्पादकाच्या नावावर तीन टक्के जादा रक्कम चढत गेली. दर 50 रुपये धरला, तर हजार लिटरच्या एका संकलनात 1,500 रुपयांचा फरक. दहा दिवसांचं बिल निघालं, तेव्हा संघाकडून आलेलं पेमेंट आणि उत्पादकांना वाटायची रक्कम जुळेना. सचिवांनी विचारलं, “ओ साहेब, दूध तेवढंच हाय, मग पैसं कुठनं वाढलं?” सगळ्यांनी हिशेबाचा कोड तपासला. कोडमध्ये गुणाकार बरोबरच होता. ‘माप’ म्हणजे काय, हेच कागदावर नव्हतं.

त्यामुळे माझी सवय अशी: आधी व्याख्यांचं पान, मग आवश्यकता. ‘माप’, ‘संकलन’, ‘सत्र’, ‘उत्पादक’, ‘बिल’ हे शब्द संस्थेच्या माणसासमोर बसून लिहायचे, आणि पुढे सगळीकडे तोच शब्द त्याच अर्थाने वापरायचा. एका पानावर ‘सभासद’ आणि दुसऱ्यावर ‘उत्पादक’ आलं, की टेस्टर दोन वेगळी माणसं समजतो. बिगरसभासदही दूध घालत असेल, तर ती खरंच वेगळी असतात. 1.03 हा आकडाही आपल्या मनाने घालू नका. फॅट आणि एसएनएफप्रमाणे घनता थोडी बदलते, म्हणून संस्था आणि संघ कोणता आकडा धरतात ते विचारून लिहा.

दुसरी चूक म्हणजे तपासता न येणारं वाक्य. ‘हिशेब अचूक असावा’ हे वाक्य कुठल्या चाचणीत नापास होईल? कुठल्याच नाही, म्हणजे ती आवश्यकता नव्हेच. संस्थेने 1.03 हाच आकडा सांगितला असेल, तर दुधाच्या मापाचं वरचं वाक्य मी असं लिहीन:

```
BIL-040  लिटर = काट्यावरील किलो / 1.03
BIL-050  लिटर दोन दशांशांपर्यंत ठेवावेत; तिसरा
         दशांश 5 किंवा अधिक असल्यास वर न्यावेत.
BIL-060  रक्कम = BIL-050 चे लिटर × दर
```

आता चाचणी. 8.24 किलो घेतलं तर बरोबर 8.00 लिटर येतात, आणि नवखे लोक इथेच समाधानाने थांबतात. पण या आकड्याने BIL-050 तपासलंच जात नाही. 7.00 किलो घ्या. भागाकार 6.796 येतो. नियमाप्रमाणे 6.80 लिटर, म्हणजे 50 च्या दराने 340 रुपये. दशांश नुसते कापले तर 6.79 लिटर आणि 339.50 रुपये. दोन अर्थ जिथे वेगळे उत्तर देतात, तोच आकडा चाचणीला घ्यायचा. असा आकडा सुचतच नसेल, तर वाक्य अजून ढोबळ आहे असं समजा.

तीन वाक्यांना तीन क्रमांक दिलेत, तेही मुद्दाम. एका क्रमांकात ‘आणि’ लावून दोन गोष्टी कोंबल्या आणि एक पास, एक नापास झाली, तर अहवालात काय लिहिणार?

क्रमांकांबाबत मी हट्टी आहे. वर्डचं आपोआप क्रमांकन वापरू नका. मध्ये एक ओळ घातली की 3.7 चं 3.8 होतं, आणि टेस्टरच्या शीटमधला 3.7 भलत्याच आवश्यकतेकडे बोट दाखवतो. चाचणी पास दिसते, पण ती कशाची पास आहे ते कुणालाच माहीत नसतं. क्रमांक हाताने द्या, दहाच्या टप्प्याने द्या, म्हणजे मध्ये 045 घालता येतो. आवश्यकता काढून टाकली तरी क्रमांक तसाच ठेवून पुढे ‘रद्द’ लिहा. तो पुन्हा कुणाला देऊ नका.

‘लवकर’, ‘सोपे’, ‘इत्यादी’, ‘शक्यतो’ हे शब्द सापडले की खोडा.

आणि इंटरनेटवरून आयईईई 830 चा साचा उतरवून त्यात संस्थेचं नाव भरणाऱ्यांना एकच सांगणं आहे. ते 1998 चं मानक आहे, त्याची जागा आता 29148 क्रमांकाच्या मानकाने घेतली आहे. पण साचा नवा घेतला तरी ‘माप’ची व्याख्या त्यात आयती मिळणार नाही. त्यासाठी सकाळच्या संकलनाला काट्याशेजारी उभं राहावं लागतं, आणि नेमकी त्याचीच सवड कुणाला नसते.