रिकाम्या ओळींनी शिल्लक तुटू नये म्हणून

देवगडात आंब्याच्या हंगामात बँकेचा हिशेब शीटवर ठेवताना मी दर आठवड्यानंतर एक ओळ मोकळी सोडतो. पूर्वी सूत्र `=E2+D3-C3` असं असायचं आणि मोकळ्या ओळीत शिल्लक दिसू नये म्हणून त्याला `""` जोडलेलं. पण त्या `""` मध्ये आकडा नसतो, त्यामुळे पुढच्या ओळीपासून `#VALUE!` सुरू व्हायचं.

म्हणून वरच्या शिल्लकेवर अवलंबूच नका. C मध्ये नावे, D मध्ये जमा, E2 मध्ये आरंभीची शिल्लक ठेवा, C2 आणि D2 रिकामे सोडा. E3 मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=IF(COUNT(C3:D3)=0,"",E$2+SUM(D$2:D3)-SUM(C$2:C3))
```

आरंभी 18,500 होते. पेट्यांचे 6,200 नावे पडले, शिल्लक 12,300. मग मोकळी ओळ. त्याखाली वाशीच्या व्यापाऱ्याचे 24,000 जमा, शिल्लक बरोबर 36,300.

बेरीज दुसऱ्या ओळीपासून धरली आहे, कारण तिसरीच्या वर नवी ओळ घुसवली तरी ती बेरजेत येते. तिच्यात सूत्र मात्र उतरवावं लागतं.

रक्कम भरूनही शिल्लक कोरी दिसली, तर ती रक्कम मजकूर म्हणून बसली आहे. बँकेच्या उताऱ्यातून चिकटवलेल्या आकड्यामागे बहुधा एखादी मोकळी जागा येते. आकडा हाताने पुन्हा टाका.